‘सॉरी, राँग नंबर’ ते ट्रेडिंग अ‍ॅप: दुकानाचं भांडवल कोणत्या रस्त्याने जातं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण चुकून आलेल्या मेसेजबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून तोच धडा इथे सावकाश, हिशोबासकट लिहून देतोय. चहा घेऊन बसा आणि शेवटचा गृहपाठ नक्की करा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खाली जे उदाहरण आहे ते कोणा एका खऱ्या माणसाचं नाही. ही फसवणूक ज्या क्रमाने होते, तो क्रम दिसावा म्हणून मी ते मांडलंय. आकडे माझे आहेत, पायऱ्या मात्र खऱ्या आहेत.

समजा, शनिवार पेठेत एका ताईंचं वह्या, फाइल्स आणि शाळेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. अप्पा बळवंत चौक जवळच, त्यामुळे धंद्याचं सगळं गणित जूनवर. शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, होलसेलरला ६ लाख रुपये द्यायचे आहेत. हे पैसे त्यांनी वर्षभरात बाजूला काढून ठेवलेत. हे ६ लाख लक्षात ठेवा. या धड्यात आपण फक्त यांच्याच मागे मागे जाणार आहोत.

पायरी १: मेसेज चुकून आलेला नसतो

मार्चमध्ये एका संध्याकाळी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: "कुलकर्णी सर, उद्याची मीटिंग ११ ऐवजी १२ ला ठेवूया का?" ताई लिहितात, "तुमचा नंबर चुकलाय." लगेच उत्तर, "अरे, सॉरी हं! माझ्या असिस्टंटने नंबर चुकीचा सेव्ह केला. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मी उद्या तिथे एकटीच बसले असते. डीपीवर दुकान दिसतंय, तुमचं का?"

यात मागितलं काय? काहीच नाही. लॉटरी नाही, ओटीपी नाही, लिंक नाही. आपल्याला ज्या खुणांपासून सावध राहायला शिकवलंय, त्यातली एकही इथे नाही. उलट चूक समोरच्याची आहे आणि आपण मदत केली, असं वाटतं. पुढे कधी शंका आली तरी मन म्हणतं, "तिने मला शोधलं कुठे? योगायोगाने ओळख झाली." हाच त्या चुकीच्या नंबरचा उपयोग.

नोकरदार माणूस अनोळखी नंबरला उत्तर न देता राहू शकतो. दुकानदार नाही राहू शकत, कारण अनोळखी नंबर म्हणजे कदाचित नवं गिऱ्हाईक. शिवाय आपला नंबर पाटीवर, बिलावर आणि नकाशावर छापलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर पत्ता, वेळ आणि मालाचे फोटो आपणच टाकलेले असतात. समोरच्याला अर्धी माहिती आयती मिळते.

पायरी २: तीन आठवडे पैशाचा विषयच नाही

पुढचे काही दिवस फक्त गप्पा. सकाळी शुभेच्छा, दुपारी "जेवलात का?", मधूनच एखाद्या हॉटेलचा फोटो. समोरची व्यक्ती सांगते की तिचाही आयातीचा छोटा व्यवसाय आहे. मग प्रश्न येतात. "सीझन कधी असतो तुमचा?" "माल उधारीवर मिळतो की रोखीने?" "सगळं एकट्याच सांभाळता? घरचे मदत करतात का?"

ताईंना वाटतं, आपल्या धंद्यात कोणीतरी मनापासून रस घेतंय. खरं तर इथे त्यांचा ताळेबंद लिहिला जातोय: हातात किती रक्कम आहे, ती कधी रिकामी असते, आणि अडवणारं कोणी घरात आहे का.

मग एके दिवशी सहज एक स्क्रीनशॉट येतो, "आज १८,००० सुटले, मामा ब्रोकिंगमध्ये आहेत ना, ते सांगतात." आणि विषय बदलतो. "तुम्ही पण करा" असं म्हटलंच जात नाही. चार दिवसांनी ताईच विचारतात, "कसं करतेस गं हे?" त्यावर उत्तरही नाखुशीचं: "नको ताई, धंद्याचे पैसे असतात तुमचे. अगदी करायचंच तर दहा हजाराने बघा." विचारलं आपणच, त्यामुळे निर्णयही आपलाच वाटतो.

समोर एकच मोकळी, प्रेमळ व्यक्ती बसलीय असं समजू नका. म्यानमार आणि कंबोडियात या कामाच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. तिथे शिफ्टमध्ये बसून, तयार संवाद समोर ठेवून चॅट केलं जातं. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या आणि तिथे डांबून ठेवलेल्या तरुणांकडून ते करून घेतलं जातं. त्यात आपलीही मुलं होती. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या अशा केंद्रांमधून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणलं गेलं. त्यामुळे बोलण्यातला जिव्हाळा, व्याकरण किंवा फोटो पाहून माणूस ओळखायच्या फंदात पडू नका. माणूस ओळखता येणार नाही. पैशाचा रस्ता ओळखता येतो.

पायरी ३: पाच हजार परत येतात, आणि तीच गळाची आळी

आता लिंक येते. अ‍ॅपचं नाव एखाद्या मोठ्या ब्रोकरसारखं, रंगही तसेच. बहुतेक वेळा ते प्ले स्टोअरवरून नव्हे, तर एपीके फाइलने किंवा एखाद्या वेबपेजवरून घ्यायला सांगतात. पैसे भरायला ‘कस्टमर केअर’ एक खातं देतं. नाव: कुठलं तरी ट्रेडर्स, कुठलं तरी एंटरप्रायझेस. दुसऱ्या वेळी खातं बदललेलं. कारण तयार असतं: "रोजची लिमिट संपली, आज या खात्यात टाका."

ताई १०,००० भरतात. तीन दिवसांत स्क्रीनवर ११,८०० दिसतात. ताई शहाण्या, त्या तपासून बघायचं ठरवतात आणि ५,००० काढायची विनंती टाकतात. दोन तासांत पैसे दुकानाच्या करंट खात्यात जमा! आता खात्री पटली. पैसे निघतात म्हणजे अ‍ॅप खरं.

इथे थांबा. संपूर्ण धड्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे.

ते ५,००० आले कुठून? शेअर विकून नाही, कारण शेअर कधी घेतलेच गेले नव्हते. ते टोळीच्या हातातल्या एखाद्या खात्यातून आले, आणि अशा खात्यांत येणारा पैसा म्हणजे दुसऱ्या कोणा फसलेल्याचे पैसे. उद्या त्या माणसाने तक्रार केली की पोलीस आणि बँका त्याच्या पैशाचा माग काढतात. पहिलं खातं, तिथून दुसरं, तिथून तिसरं. त्या साखळीत ताईंच्या दुकानाचं करंट खातंही येऊ शकतं, आणि बँक ती रक्कम किंवा कधी कधी पूर्ण खातंच रोखून धरू शकते. ऐन मे महिन्यात खातं बंद म्हणजे होलसेलरचा चेक परत आणि क्यूआर कोडवर येणारे गिऱ्हाइकांचे पैसेही अडकलेले.

म्हणजे ज्याला आपण परीक्षा समजतो, ती परीक्षा नाहीच. खोटं अ‍ॅपही थोडे पैसे परत करतं, आणि मोठी रक्कम यावी म्हणूनच करतं.

याचाच भाऊ म्हणजे आणखी एक मागणी. "आमच्या कंपनीचे पेमेंट तुमच्या करंट खात्यातून फिरवू द्या, २ टक्के तुमचे." करंट खात्यात मोठ्या उलाढाली खपून जातात, म्हणून छोट्या व्यावसायिकाच्या खात्याला या बाजारात किंमत आहे. हो म्हणालात तर तुम्ही फसलेले राहत नाही, साखळीतला दुवा होता. पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

पायरी ४: सहा लाखांचा हिशोब

विश्वास बसल्यावर ताई ५०,००० भरतात, मग २,००,०००. स्क्रीनवरचा आकडा वाढतच असतो. मग येतो आयपीओ. ताईंनी ‘अर्ज’ केलेला असतो दीड लाखाचा, पण अ‍ॅप सांगतं, "अभिनंदन! तुम्हाला भरपूर शेअर लागलेत. उरलेले ३,४०,००० उद्यापर्यंत भरा, नाहीतर सगळं खातं गोठेल." घाबरून ताई तेही भरतात.

आता बेरीज करा.

१०,००० + ५०,००० + २,००,००० + ३,४०,००० = ६,००,०००

होलसेलरचे ६ लाख संपले. परत आले ५,०००, म्हणजे पदरचे गेले ५,९५,०००. स्क्रीनवर दिसतात १४,६०,०००. ताई म्हणतात, मेची पेमेंट आलीय, काढून घेते. उत्तर येतं, "नफा ८,६५,००० झालाय. त्यावर २० टक्के टॅक्स, म्हणजे १,७३,००० आधी भरा. मग पूर्ण रक्कम रिलीज होईल."

शेअर्सवरच्या अल्पकालीन नफ्याचा कर जुलै २०२४ पासून खरोखरच २० टक्के आहे, म्हणून हे पटतं. पण दोन गोष्टी बघा. भारतात राहणारा गुंतवणूकदार हा कर आयकर विभागाकडे, आपल्या पॅनवर भरतो. पैसे काढायची फी म्हणून ब्रोकरच्या सांगण्यावरून कोणा ट्रेडर्सच्या खात्यात नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे अगदी साधा दुकानदारी प्रश्न: "माझे १४,६०,००० तुमच्याकडेच आहेत ना? मग १,७३,००० त्यातूनच कापा आणि उरलेले द्या." याला ‘नियम नाही’ असं उत्तर आलं की समजा, तिथे १४,६०,००० नाहीतच. स्क्रीनवरचा आकडा कोणीतरी टाइप केलेला आहे.

कोणी म्हणेल, ताई साध्या होत्या. तर अमेरिकेतलं एक उदाहरण ऐका. कॅन्सस राज्यातल्या एल्कहार्ट गावात हार्टलँड ट्राय-स्टेट नावाची छोटी बँक होती. तिचे प्रमुख शॅन हेन्स अशाच सापळ्यात सापडले. त्यांच्या बाबतीत शेअर्सऐवजी क्रिप्टो होतं. आधी स्वतःचे, मग चर्चचे, मग बँकेचे असे पैसे ते पाठवत राहिले. प्रत्येक वेळी कारण एकच: आणखी थोडे भरले की अडकलेले सगळे सुटतील. २०२३ च्या मे ते जुलैमध्ये बँकेचे सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर्स गेले, जुलैअखेर बँक बंद पडली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना २४ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. आयुष्यभर लोकांची कर्जं तपासणारा माणूस होता हा. तेव्हा ‘मी हुशार आहे’ हा बंदोबस्त नाही.

मग तपासायचं काय?

तीनच गोष्टी. यातली एकही अ‍ॅपच्या आत बघायची नाही.

पहिली, पैसे कोणाच्या नावावर जातायत? खऱ्या ब्रोकरकडे पैसे तुमच्या खात्यातून ब्रोकरच्याच नावाच्या खात्यात जातात. व्यक्तीच्या, ट्रेडर्सच्या, रोज बदलणाऱ्या खात्यात कधीच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत ब्रोकर्स आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणलेत. त्यात `@valid` आणि पुढे बँकेचं नाव असतं, ब्रोकर असेल तर आधी `.brk` असतं. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचं चिन्ह दिसतं. बँक खातं किंवा यूपीआय आयडी खरंच त्या ब्रोकरचं आहे का, हे ‘सेबी चेक’ या सुविधेत तपासता येतं. नुसता नोंदणी क्रमांक किंवा सर्टिफिकेटचा फोटो पुरेसा नाही, कारण भामटे खऱ्या ब्रोकरचाच क्रमांक उचलून दाखवतात. क्रमांक चोरता येतो. ब्रोकरचं खातं मात्र ते वापरू शकत नाहीत, आणि म्हणूनच भलतं खातं देतात.

दुसरी, शेअर कुठे ठेवलेत? भारतात तुमचे शेअर अ‍ॅपमध्ये नसतात. ते तुमच्या पॅनशी जोडलेल्या डीमॅट खात्यात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असतात. खरा व्यवहार झाला की ब्रोकरकडून २४ तासांत काँट्रॅक्ट नोट येते, आणि शेअर बाजाराकडून आणि डिपॉझिटरीकडूनही मेसेज येतात. डिपॉझिटरीच्या वेबसाइटवर स्वतः पत्ता टाइप करून लॉगिन करा. तिथे शेअर नाहीत, तर ते कुठेच नाहीत.

तिसरी, आयपीओचे पैसे हलले का? खऱ्या आयपीओत अर्जाची रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते. शेअर लागले तरच ती कापली जाते, नाही लागले तर मोकळी होते. आणि अर्जापेक्षा जास्त शेअर कधीच लागत नाहीत. ‘जास्त लागले, फरक भरा’ हे वाक्य ऐकलंत की पुढचं ऐकायची गरजच नाही.

पैसे गेले असतील तर

त्याच क्षणी १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. घाई का? कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काही तासांतच पसरतात आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होऊन निघून जातात. बँक फक्त तेवढीच रक्कम रोखू शकते जी अजून कुठल्या तरी खात्यात पडून आहे. उशिरा केलेल्या तक्रारीत बहुतेक वेळा थोडेच पैसे सापडतात, हे आधीच मनाशी धरा.

फोन करण्याआधी कागदावर चार रकाने आखा: तारीख-वेळ, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर किंवा यूपीआय रेफरन्स नंबर, आणि ज्याला पैसे गेले ते खातं. ताईंच्या बाबतीत अशा चारच ओळी होतील. परत आलेले ५,००० सुद्धा पाचवी ओळ म्हणून स्वतःहून लिहा. म्हणजे उद्या खातं रोखलं गेलं तर तुम्ही आधीच सांगितलेलं असेल. चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा, अ‍ॅपचे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ब्लॉक करा. रागात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. समोरच्याला ‘मला कळलंय’ असं सांगूही नका. मग तक्रारीचा क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

खातं रोखलं गेलंच, तर बँकेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: कोणत्या तक्रार क्रमांकामुळे रोखलंय, आणि तक्रार कोणत्या पोलीस ठाण्याची आहे. त्या ठाण्याशी आपली बिलं आणि कागद घेऊन बोलावं लागतं. बँकेच्या काउंटरवर भांडून ते सुटत नाही.

आणि महिनाभराने "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा" असा फोन आला, तर ती त्याच फसवणुकीची पुढची पायरी आहे. फसलेल्यांची यादीही विकली जाते.

आजचा गृहपाठ

दोन कामं, वीस मिनिटांची.

एक, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये हे वाक्य सेव्ह करा: "हा (दुकानाचं नाव) चा नंबर आहे. काही सामान हवं असेल तर सांगा." चुकून आलेल्या मेसेजला एवढंच उत्तर. गिऱ्हाईक असेल तर सामानाबद्दल बोलेल. नसेल तर गप्पांना जागाच उरत नाही, आणि आपण उद्धटही ठरत नाही.

दोन, सीझनच्या मालाचे पैसे वेगळ्या खात्यात किंवा कमी मुदतीच्या एफडीत ठेवा, आणि घरातल्या किंवा धंद्यातल्या एका माणसाशी ठरवा: होलसेलर सोडून कोणालाही २५,००० च्या वर रक्कम जायची असेल, तर आधी त्याला खातेदाराचं नाव मोठ्याने वाचून दाखवायचं. ताईंनी तीन लाख चाळीस हजार पाठवण्याआधी ‘कुठलं तरी एंटरप्रायझेस’ हे नाव कोणासमोर एकदा वाचलं असतं, तर समोरच्याने एकच प्रश्न विचारला असता: "शेअर घेतेयस ना? मग हे कोण?"

तुमच्या नंबरवर असा मेसेज आला असेल तर त्याचं पहिलं वाक्य कमेंटमध्ये लिहा. नंबर आणि नाव टाकू नका. पुढच्या भागात करंट खातं रोखलं गेलं तर रोजचा धंदा कसा चालू ठेवायचा, ते बघू.